हात अडकलेले असताना

मे महिन्यातली अमळनेरची दुपार. बाहेर लू चालली होती आणि मी दार लोटून, पंख्याखाली, झोप आणि जाग यांच्या मधल्या बांधावर बसलो होतो. पाण्याच्या जारवाला पोरगा आला. एक जार खांद्यावर, दुसरा हातात. दारात थबकून त्याने मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकवली आणि म्हणाला, "नमस्कार काका." हात अडकलेले, त्यामुळे तो जोडणार तरी काय?

तो गेला आणि माझी झोपही गेली. हात न जोडता केलेला नमस्कार हा नमस्कार धरायचा का?

संस्कृतच्या हिशेबाने धरायचा. किंबहुना त्याचाच पहिला धरायचा. मूळ धातू 'नम्', म्हणजे वाकणे. त्यात हातांचा उल्लेखच नाही. 'नमः' म्हणजे वाकणं, आणि 'नमस्कार' म्हणजे 'नमः' करणं. तोंडाने 'हुं' केला की हुंकार, तसा 'नमः' म्हटला की नमस्कार. 'नमस्ते' हा तर दोन शब्दांचा जोड आहे, नमः आणि ते. हा 'ते' म्हणजे 'तुला'. 'नमः' आलं की ज्याला नमायचं त्याची चतुर्थी, हा पाणिनीचा नियम; 'शिवाय', 'गणेशाय' त्यातूनच आलेले. पण 'तुला' म्हणजे एकाच माणसाला, तेही अरेतुरे करून! शाळेत पन्नास पोरं एका सुरात गुरुजींना 'नमस्ते' म्हणायची, तेव्हा आम्ही सगळे गुरुजींना अरेतुरे करत होतो, आणि गुरुजी खुशीत मान डोलवत होते. अनेकांना नमायचं असेल तर जुन्या भाषेत 'नमो वः' म्हणत. ते मात्र कुठल्याच शाळेत पोचलं नाही.

अहिराणीत या 'ते'ला 'तुले' म्हणतात. हे मला व्याकरणाच्या पुस्तकाच्या आधी आजीने शिकवलं.

आमचं गाव बोरी नदीकाठी. मी सात-आठ वर्षांचा असेन. गोठ्यात कडब्याच्या गंजीला टेकून मी कैरी खात होतो आणि आजी म्हशीपुढे सरकी टाकत होती. अचानक तिचा हात थांबला. कुडाच्या सांदीतून नाग निघाला होता आणि गोठ्याच्या मधोमध, जणू घर त्याचंच आहे, अशा तोऱ्यात डोकं वर काढून बसला होता. काका बाहेर काठी शोधायला धावले. आजी जागची हलली नाही. सरकीने माखलेले हात तिने जोडले, कमरेत वाकली आणि एखाद्या रागावलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाली, "जाय रे बाबा, तू तुना वाटे जाय. तुले हात जोडस." थोड्या वेळाने तो गेला. काठी नंतर आली. नमस्काराने गेला की सरकीच्या टोपलीच्या आवाजाने, ते मी सांगू शकत नाही. आजीला मात्र शंका नव्हती. रात्री मी विचारलं, सापाला कोणी नमस्कार करतं का? ती म्हणाली, "मंग काय करतस?" प्रश्न तिथेच संपला.

पुढे कॉलेजात असताना शेजारच्या वाड्यात रुद्राभिषेक होता. पोथी हातात आली म्हणून वाचत बसलो, आणि पहिल्याच ओळीला आजी दिसली. "नमस्ते रुद्र मन्यव उतोत इषवे नमः." तैत्तिरीय संहितेतल्या या रुद्राध्यायाची सुरुवात अशी आहे: रुद्रा, तुझ्या क्रोधाला नमस्कार, आणि तुझ्या बाणालाही. मग धनुष्याला, दोन्ही बाहूंना. इथला 'ते' हा 'तुला' नव्हे, 'तुझ्या' आहे, कारण 'मन्यवे', म्हणजे क्रोधाला, हा शब्द पुढे उभा आहे. संस्कृतात 'ते' दोन्ही कामं करतो. नमस्कार देवाच्या चरणांना नाही, तर थेट त्याच्या रागाला आणि बाणाच्या टोकाला. पुढे तर स्पष्टच मागणं आहे, तुझा तो भाता आमच्यापासून दूर ठेव. 'आरे अस्मत्' असे शब्द आहेत. आमच्यापासून लांब! आजीने याहून वेगळं काय म्हटलं होतं?

त्याच अध्यायात चोरांच्या अधिपतीला नमस्कार आहे, सुतारांना, कुंभारांना, लोहारांना आहे आणि कुत्र्यांनाही आहे. गल्लीत रात्री मोटरसायकलमागे लागणाऱ्यांचं जग पाहिलं की ती यादी करणारा माणूस मला भलताच अनुभवी वाटतो. आपण 'कोपरापासून नमस्कार' म्हणतो, तो नंतरच्या काळातला टवाळपणा असावा अशी माझी समजूत होती. पण त्याचं नातं इतकं जुनं निघेल असं वाटलं नव्हतं.

हातांचं काय? ऋग्वेदात 'नमसा' या शब्दाजवळ हात येतात, पण ते जोडलेले नाहीत. 'उत्तानहस्त', म्हणजे तळवे वर केलेले, मागणाऱ्याचे. ओंजळ म्हणजे अंजली, तीही मुळात पाणी घेता येईल अशी पोकळीच. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात अभिवादनाचा नियम आहे, तो वाचून मी थोडा ओशाळलो. ब्राह्मणाने उजवा हात कानाच्या उंचीवर पुढे करावा, क्षत्रियाने छातीच्या, वैश्याने कमरेच्या, आणि शूद्राने खाली वाकून, हात जोडून. हात किती वर जाईल हे जातीने ठरलेलं. आणि जोडलेले हात त्या रांगेत सर्वांत शेवटी. ज्याला आज आपण सगळ्यांचा नमस्कार म्हणतो, त्याची ही जागा होती.

माणूस माणसाला भेटला की 'नमस्ते' म्हणण्याऐवजी त्या पोथ्यांत आपलं नाव सांगण्याची पद्धत आहे. अभिवादन करतो, अमुक नावाचा मी, आणि शेवटी 'भोः', असं मनुस्मृती सांगते. आमच्याकडे आजही बस स्टँडवर "काय भो!" ऐकू येतं. हे 'भो' त्या 'भोः'चं म्हणायचा मोह मला होतो, पण ते 'भाऊ'चं असणार, हे मला माहीत आहे. मोह मात्र जात नाही.

परवा जारवाला परत आला. या वेळी एकच जार, तोही त्याने आधीच ओट्यावर ठेवला होता. दोन्ही हात मोकळे. मी वाट पाहिली. नमस्कार नाही, मानही हलली नाही.

"काका," तो म्हणाला, "मांगला तीन जार बाकी शेतस."

सुट्टे नव्हते. माझे हात आपोआप जुळले, कोपरापासून.