पाळी सुलटी फिरवताना: चार्ट बदलण्याचा माझा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटमध्ये चार ग्रुप आहेत आणि त्यांचा पाळीचा चार्ट माझ्याकडे असतो. फर्स्ट सकाळी ७ ते ३, सेकंड ३ ते रात्री ११, नाईट ११ ते ७. दोन-दोन दिवस एकेक पाळी आणि मग दोन ऑफ, असं आठ दिवसांचं चक्र. आधी ते उलटं फिरायचं, म्हणजे नाईट, सेकंड, फर्स्ट, ऑफ. आम्ही ते सुलटं केलं: फर्स्ट, सेकंड, नाईट, ऑफ.

कामाचे तास तेच राहिले आणि ऑफही तेवढेच. बदलली ती मधल्या मोकळ्या वेळेची वाटणी. उलट्या चक्रात दुसरी नाईट सकाळी ७ ला सुटते आणि त्याच दुपारी ३ ला सेकंड लागते. पुढे सेकंड रात्री ११ ला सुटते आणि सकाळी ७ ला फर्स्ट. दोन्ही वेळा मध्ये आठच तास, आणि शेवटी एकदम ८० तास मोकळे. सुलट्या चक्रात पाळी बदलताना दोन्ही वेळा २४ तास मिळतात आणि नाईटनंतर ४८. बेरीज दोन्हीकडे ९६ च.

त्या आठ तासांत झोप किती होते? डोंबिवलीला राहणारा माणूस चार्ज देऊन, ठाण्याला गाडी बदलून घरी पोचतो तेव्हा साडेबारा होतात. जेवून आडवा होईपर्यंत एक, आणि पहाटे पाचला उठायचं. म्हणजे जेमतेम चार तास. नाईट सुटल्यावरची झोप तर दिवसाची, शरीर जागं व्हायच्या वेळेची, त्यामुळे तीही तुटकच. दोन दिवसांच्या अंतराने अशा दोन अर्धवट झोपा घेतलेला माणूस सकाळी मशीनवर उभा राहतो, याची मला खरी काळजी वाटायची.

शरीराच्या घड्याळाचं कारणही सांगतात आणि ते खरं आहे. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडं लांब असतं, म्हणून उशिरा झोपणं जमतं, पण लवकर झोपणं जमत नाही. फर्स्टच्या आदल्या रात्री आठला दिवा मालवून पडलं तरी डोळा लागत नाही, तो यामुळेच. पण दोन दिवसांत पाळी बदलते तिथे हे घड्याळ फारसं सरकतच नाही. पहाटे चार-पाचची ग्लानी सुलट्या चक्रातही येते. आमच्याकडे खरा फायदा झाला तो मधल्या विश्रांतीचा. घड्याळाचा मुद्दा संथ चक्रात जास्त लागू पडतो. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या युटामधल्या एका कारखान्याच्या अभ्यासात पाळ्या सुलट्या केल्या आणि काही कामगारांना २१ दिवस एकाच पाळीत ठेवलं. कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं. मात्र २१ दिवस एकाच पाळीत ठेवलेल्या गटासाठी दिशा आणि वेग दोन्ही बदलले होते, म्हणून त्यांचं सगळं श्रेय एकट्या दिशेला देता येत नाही.

चार्ट सुलटा करायचा तो दोन दिवसांचा टप्पा संपतो तिथे. समजा ए नाईटला, बी सेकंडला, सी फर्स्टला आणि डी ऑफवर आहे. पुढच्या टप्प्यात ए ला ऑफ, बी ला नाईट, सी ला सेकंड, डी ला फर्स्ट. एकही पाळी रिकामी पडत नाही. गोची होते ती सी ची. सहा दिवस भरून त्यांचा ऑफ आलेला असतो आणि आता त्यांच्यापुढे आणखी चार पाळ्या येतात, म्हणजे सलग दहा. आम्ही सी ची पहिली सेकंड जनरलच्या माणसांकडून काढली, त्यामुळे त्यांना मध्ये ४८ तास मिळाले. ते काम ए कडे द्यायचा मोह होतो, पण ए त्याच सकाळी नाईट करून सुटलेला असतो.

विरोध झाला तो ८० तासांसाठी. फर्स्ट सुटली की सातारा, चिपळूण गाठून येणाऱ्यांचं हे खरंच नुकसान आहे. आम्ही आपसात पाळी बदलून सुट्टी जोडायला मुभा ठेवली, अट एकच: दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर नको.

तीन ग्रुप, आठवड्याला पाळी बदल आणि फक्त रविवारी ऑफ असेल तर नुसती दिशा बदलू नका. तिथे नाईट रविवारी सकाळी ७ ला सुटते आणि सुलट्या चक्रात सोमवारी ७ ला फर्स्ट लागते. मध्ये एकच रात्र. उलट्या चक्रात त्या जागी ३२ तास मिळत होते. आधी नाईटनंतर दुसरा ऑफ मिळवा, मगच फिरवा.

शेवटच्या नाईटनंतर घरी दुपारी बारापर्यंतच झोपायचं, मग उठून चहा-जेवण, आणि रात्री दहाला पुन्हा अंथरुणावर. दिवसभर झोपलेल्या माणसाला त्या रात्री झोप येत नाही, आणि पहिला ऑफ वाया जातो.