भूक वाढली, वजन उतरलं

काकू मनीला वर्षाच्या चेकअपला घेऊन आल्या त्या एकदम खुशीत. "डॉक्टर, तेरा वर्षांची झाली पण परत पिल्लासारखी वागायला लागलीय बघा, दिवसभर खा खा करते, रात्री घरभर हुंदडते." मला ऐकूनच धस्स झालं, कारण म्हाताऱ्या मांजराला अचानक असा उत्साह आला की मी पहिलं वजन बघतो. मागच्या वर्षी ४.२ किलो, आता ३.६. सहाशे ग्रॅम ऐकायला काहीच नाही पण मनीच्या अंगाचा सातवा हिस्सा गेला होता, आणि दाट केसांमुळे घरात कुणाला कळलंच नाही. पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका बोटाला लागत होता.

आधी बीपी घेतलं, तिला जरा स्थिरावू देऊन, पहिलं रीडिंग सोडून बाकीच्यांची सरासरी काढली तर १५०, ठीक होतं. गळा चाचपताना श्वासनलिकेच्या बाजूला एक बारीकशी गाठ बोटाखालून सटकली. रक्तात टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, ७.८ आला, वरची मर्यादा साधारण ४, म्हणजे थायरॉईड वाढलेला. किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन मात्र १.३, नॉर्मल.

"चला, किडनी तरी चांगली आहे," काकू म्हणाल्या. तिथे मी त्यांना थांबवलं. थायरॉईड वाढला की किडनीतून रक्त जोरात वाहतं, शिवाय स्नायू झडलेले असले की क्रिएटिनिन मुळात तयारच कमी होतं, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ती किती घट्ट आहे त्याचा आकडा, १.०१८ होती, मांजराची १.०३५ च्या वर हवी. नुसत्या थायरॉईडनेही लघवी पातळ होऊ शकते म्हणून लगेच किडनीचं नाव घेतलं नाही, थायरॉईड आटोक्यात आणणारी मेथिमाझोलची गोळी कमी डोसवर सुरू केली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तेव्हा टी-फोर २.४ आणि क्रिएटिनिन २.२. काकूंचा चेहराच उतरला. "तुमच्या गोळीने किडनी बिघडली का हो?" प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, आजार आधीपासूनच होता, थायरॉईडने झाकून ठेवला होता, आता उघडा पडला. गोळी बंद केली तर आकडा सुधारेल पण हृदय आणि स्नायू झिजत राहतील.

मग खाण्याचं ठरवलं. कमी फॉस्फरसचं किडनी डाएट, जमेल तेवढं ओलं, पण जुन्या खाण्यात रोज थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदलायचं, आणि तिने तोंड फिरवलं तर हट्ट न करता जुनंच द्यायचं. हे मी काकूंना दोनदा बजावलं, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी साठते आणि ते दुखणं किडनीपेक्षा लवकर जीवावर बेततं. पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवायला सांगितली.

पुढच्या खेपेला मनी ३.९ किलो भरली, क्रिएटिनिन २.१. काकू म्हणाल्या, रात्री झोपते आता, आणि आम्हालाही झोपू देते.