दोन विमान कंपन्या, एक बॅग आणि गेटवरचा सांगाडा

जाताना एक विमान कंपनी, येताना दुसरी. दोन्ही कमी भाड्याच्या, आणि दोन्हींच्या तिकिटात सीटखाली मावेल एवढी एकच बॅग मोफत. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची बॅग हवी असेल तर वेगळे पैसे. एकीचं माप ४५×३६×२० सेंटिमीटर, परतीच्या कंपनीचं ४०×३०×२०. वाचताना फरक किरकोळ वाटतो, पण गुणाकार केला की पहिलीत साधारण ३२ लिटर सामान मावतं आणि दुसरीत २४. त्यामुळे जातानाच २४ लिटरची, बिनचाकांची पाठपिशवी घेतली. प्रवासात जे माप सगळ्यांत लहान, त्यावरच बॅग ठरवायची.

परतताना गेटवर मापाचा सांगाडा ठेवला होता. माझ्या पुढच्या जोडप्याची चाकांची छोटी बॅग त्यात चाकांपर्यंत गेली आणि अडली. 'जाताना कुणी काही बोललं नाही' हे त्यांचं म्हणणं खरं असेलही, पण तिकडे बॅग तपासलीच गेली नसेल. लेबलवरचं माप बरोबर होतं, असंही ते सांगत होते. बऱ्याच लेबलांवर नुसत्या खोक्याचं माप असतं. सांगाडा चाकं, हँडल, बाहेरचा फुगलेला खिसा, सगळं मोजतो. विमानाची वेळ झालेली, वाद घालायला सवड नाही. त्यांनी कार्ड पुढे केलं आणि तिकिटाच्या दुपटीहून जास्त भरले.

म्हणून बॅग पूर्ण भरून, भिंतीला टेकवून, सगळ्यांत पुढे आलेल्या टोकापर्यंत टेपनं मोजा. लांबी-रुंदी सहसा चुकत नाही, जाडी चुकते. एक जाकीट कोंबलं की २० चे २५ होतात. ते अंगावर घाला. मऊ पिशवी थोडी दाबता येते, कडक कवचाची नाही.

काही कंपन्या मापापेक्षा वजनावर कडक असतात. एअरएशियाच्या मोफत मर्यादेत दोन नग चालतात, पण दोन्ही मिळून ७ किलो. चाकांच्या रिकाम्या बॅगेतच त्यातले दोन-अडीच किलो जाऊ शकतात. वजनकाट्यावर आधी बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा.

सामान बसणार नाही अशी शंका असेल तर मोठी बॅग तिकीट काढतानाच घ्या. नंतर ती सहसा महागते, विमानतळावर आणखी, गेटवर सर्वांत जास्त. ही रक्कम दर माणशी, दर उड्डाणाला असते, म्हणून भाड्यांची तुलना करताना जाण्यायेण्याचे बॅगेचे पैसे मिळवूनच करा. मला तरी खरी किंमत नंतर कळणाऱ्या स्वस्त तिकिटापेक्षा पूर्ण किंमत आधी कळलेलं थोडं महाग तिकीट बरं वाटतं.

आणि गेटवर बॅग काढून घेतलीच, तर ती विमानाच्या पोटात जाते. देण्याआधी पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढा, त्या खाली ठेवता येत नाहीत. औषधं आणि पासपोर्टही काढून घ्या.