तुम्ही विचारलंत म्हणून: चोलेस्कीच का?

«सर, चोलेस्की मधेच थांबतं. पिव्होटिंगवालं एलयू कुठलाही मॅट्रिक्स सोडवतं. मग तेच का नाही टाकत?»

कारण ते कुठलाही मॅट्रिक्स सोडवतं. माझी तक्रार नेमकी हीच आहे. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, म्हणून या वेळी नीट लिहितो. फ्रेम किती सरकते ते काढायला तिच्या कडकपणाच्या मॅट्रिक्सची समीकरणं सोडवावी लागतात. एलयू आणि चोलेस्की या ती सोडवायच्या दोन पद्धती, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये चोलेस्की असतं.

पूर्वी मी वेगळं उत्तर द्यायचो. म्हणायचो, काम निम्मं होतं. ते खरंही आहे. n अज्ञातं असली तर एलयूला साधारण २n³/३ क्रिया लागतात, चोलेस्कीला n³/३. मॅट्रिक्स सममित असल्यामुळे वरचा अर्धा भाग पुन्हा मोजायची गरजच नसते. ३००० अज्ञातांना १८ अब्जांऐवजी ९ अब्ज क्रिया. यावर ऑफिसातली पोरं म्हणायची, «पण सर, लॅपटॉपवर दोन्ही चुटकीसरशी होतं.» त्यांचंही बरोबर होतं. शिवाय आपल्या फ्रेमचा मॅट्रिक्स भरलेला नसतो, कर्णाभोवतीचा पट्टाच तेवढा असतो. पट्ट्याची अर्धी रुंदी १०० धरली तर चोलेस्कीचं काम ३ कोटी क्रियांवर येतं. पिव्होटिंगने ओळी वरखाली केल्या की तो पट्टा विस्कटून रुंदावतो आणि त्यासाठी जास्तीची जागा आधीच राखून ठेवावी लागते. हा मुद्दा निम्म्या कामापेक्षा वजनदार आहे, पण माझं खरं कारण तोही नाही.

ते कारण मला वडोदऱ्यातल्याच एका कन्सल्टन्सीत सापडलं. नाव सांगत नाही. तिथे एका पाइप रॅकचं काम चालू होतं. उभ्या भारामुळे फ्रेमचा आडवा कडकपणा कमी होतो, तो परिणाम, म्हणजे पी-डेल्टा, आम्ही धरत होतो. मी लिहिलेला सॉल्व्हर थांबला. सबमिशन दुसऱ्या दिवशी. वरिष्ठ म्हणाले, «तुझा प्रोग्रॅम नखरे करतो,» आणि एकाकडून त्या जागी तयार एलयू बसवून घेतलं. लगेच उत्तर आलं. तक्त्यात खालच्या मजल्याचं सरकणं ३० मिमी. पी-डेल्टा न धरता आधी आलेलं उत्तरही ३० मिमीच. निष्कर्ष निघाला की पी-डेल्टाने इथे काही फरक पडत नाही, पाठवून द्या.

ते मॉडेल मोठं होतं. इथे दोन मजल्यांवर आणि सोप्या आकड्यांवर आणतो. दोन्ही मजले ६ मीटर उंच. खालच्याचा आडवा कडकपणा ०.२ kN/mm, वरच्याचा २. खालच्या खांबांवर एकूण २४०० kN, वरच्यांवर १२००. भार भागिले उंची एवढा कडकपणा वजा होतो, म्हणजे खाली ०.४ आणि वर ०.२. वरचा मजला १.८ वर येतो. खालचा उणे ०.२ वर. मॅट्रिक्सच्या पहिल्या कोपऱ्यात दोघांची बेरीज १.६ येते. वाऱ्याचा भार दोन्ही मजल्यांवर ३ kN धरला:

```python
import numpy as np
K = np.array([[1.6, -1.8], [-1.8, 1.8]])
np.linalg.solve(K, [3, 3])  # [-30.  -28.33333333]
np.linalg.cholesky(K)       # LinAlgError: Matrix is not positive definite
```

पहिल्या उत्तरात गणिताची चूक शोधू नका, नाही सापडणार. समीकरणं तंतोतंत सुटली आहेत. फक्त खालच्या मजल्यावरचा भार बकलिंगच्या भाराच्या दुप्पट आहे, आणि बरोबर दुप्पट असला की सरकणं तेवढंच राहून चिन्ह उलटतं. तक्त्यात कमाल किंमत चिन्हाशिवाय छापली जायची. ३० ते ३०.

पकडलं ते आमच्या ड्राफ्ट्समनभाईंनी. वाकलेल्या फ्रेमचं चित्र शीटवर लावताना त्यांनी वाऱ्याच्या बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, «पवन आ बाजुथी आवे छे, ने फ्रेम सामे केम नमे छे?» ज्या बाजूने वारा, त्याच बाजूला फ्रेम झुकलेली होती. वरिष्ठांनी आधी साइन कन्व्हेन्शनचं कारण दिलं. मग कोणीच काही बोललं नाही. रिपोर्ट थांबला, रॅकला ब्रेसिंग आलं. मला मात्र «तुझा प्रोग्रॅम बरोबर होता» असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. म्हटलं नाही तर नाही.

आता चोलेस्की का थांबलं ते पाहा. K = LLᵀ लिहिताना L मध्ये कर्णाच्या वर फक्त शून्यं असतात, आणि L च्या प्रत्येक ओळीतल्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज K च्या कर्णावरच्या त्या ओळीच्या आकड्याएवढी यावी लागते. पहिला आकडा १.६ चं वर्गमूळ, १.२६५. त्याच्या खालचा −१.८ ÷ १.२६५ = −१.४२३, त्याचा वर्ग २.०२५. पण दुसऱ्या ओळीसाठी एकूण शिल्लक १.८ च आहे. १.८ − २.०२५ = −०.२२५, याचं वर्गमूळ कुठून आणणार? कर्णावरचे दोन्ही आकडे धन होते, म्हणून नुसतं पाहून कोणाला संशय आला नसता.

हाच हिशेब आकडेमोडीच्या स्थैर्याचंही कारण आहे. एलयूमध्ये पिव्होटिंग लागतं कारण छोट्या पिव्होटने भागताना मधले आकडे फुगू शकतात, आणि मग राउंडिंगची चूकही त्यांच्याबरोबर फुगते. पॉझिटिव्ह डेफिनिट, म्हणजे ज्याचं चोलेस्की मधे न थांबता पूर्ण होतं, अशा मॅट्रिक्समध्ये L चा एकही आकडा आपल्या ओळीच्या कर्णाच्या वर्गमुळापेक्षा मोठा होऊच शकत नाही. पिव्होट ०.०००१ आणि खालचा कर्ण १ असला, तर त्यांच्या जोडीचा आकडा ०.०१ पेक्षा लहान असावाच लागतो, आणि भागून वजा होणारी रक्कम १ च्या आतच राहते. म्हणून ओळी हलवायची गरज नाही. फुगू न देणारी आणि खोटा मॅट्रिक्स पकडणारी अट एकच आहे. पिव्होटिंगने आपल्या उदाहरणात ओळी बदलल्या की पिव्होट −१.८ आणि −०.२ येतात. त्यांच्या चिन्हांवरून फ्रेमबद्दल काही कळत नाही.

माझ्या बाजूचं लंगडं काय, तेही सांगतो. आंद्रे-लुई चोलेस्की फ्रेंच तोफखान्यातला अधिकारी. त्याची समीकरणं भूमापनातल्या लघुतम वर्गांची, ती जात्याच पॉझिटिव्ह डेफिनिट. आपली तशी असतीलच असं नाही. बकलिंगनंतरचा मार्ग शोधायचा असेल किंवा लाग्रांज गुणक घातले असतील, तर मॅट्रिक्स तसा नसणं हा दोष नाही. तिथे उणे पिव्होटही चालवून घेणारं बंच-कॉफमनचं LDLᵀ वापरा, मी भांडणार नाही. आणि कोणी तिरप्या आधारासाठी अवाढव्य स्प्रिंग टाकली, कंडिशन नंबर १०¹⁶ च्या आसपास गेला, तर ठणठणीत फ्रेमवरही चोलेस्की थांबू शकतं. म्हणजे थांबलं की फ्रेम कोसळणार, असं मी म्हणू शकत नाही.

हल्ली मी थांबलेल्या ओळीचा नंबर छापतो. त्यावरूनही वाद आहेत, कारण वरच्या उदाहरणात ती ओळ दुसरी, म्हणजे वरचा मजला, आणि दुबळा आहे खालचा. गेल्या वेळी एकाने वरचे खांब जाड करून पाहिले. वरच्याचा उरलेला कडकपणा १.८ चा १० केला, तरी शेवटी −०.२०४ च उरतं. नंबर छापणं बंद करावं, असं त्याचं म्हणणं आहे. मी अजून केलेलं नाही.