± च्या पुढे नेमकं काय? सर्व्हेचा अहवाल मंजूर करून घेताना

पुण्यातल्या वस्त्यांमधून कामाला जाणाऱ्या बायकांना घरून कामावर पोचायला किती वेळ लागतो, याचा सर्व्हे आमच्या छोट्या संस्थेने केला. २० वस्त्या, प्रत्येकीत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २० बायका, एकूण ४००. परवानग्या मिळाल्या, फॉर्म भरून झाले, डेटा एंट्री झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते शेवटच्या टप्प्यावर. निधी देणाऱ्या कार्यालयाच्या छाननीतून अहवाल परत आला. त्यावर एकच शेरा होता: 'तक्ता २ मधील त्रुटी फार मोठी आहे, कमी करावी.'

तक्ता २ मध्ये लिहिलं होतं: सरासरी ४२ मिनिटं, स्टँडर्ड डेव्हिएशन २४.

मी भेटायला गेले. छाननी करणारे सर म्हणाले, "मॅडम, ४२ मध्ये २४ इकडेतिकडे म्हणजे सर्व्हेवर विश्वास कसा ठेवायचा? बाकीच्या संस्थांचं बघा, अधिक-उणे १, अधिक-उणे २ असतं. तुम्हीही स्टँडर्ड एरर टाका, मी पुढे पाठवतो."

हे अजून डोक्यातून जात नाही, कारण तसं केलं असतं तर अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुसली गेली असती. २४ ही आमची त्रुटी नव्हतीच. तो बायकाबायकांमधला फरक होता. जनता वसाहतीतून सहकारनगरला चालत जाणारी दहा-पंधरा मिनिटांत पोचते, धायरीहून दोन बस बदलत औंधला जाणारीचा दीड तास जातो. हा फरक खरा आहे. ४०० ऐवजी ४,००० बायकांना विचारलं तरी तो २४ च्या आसपासच राहणार, कारण जास्त लोकांना विचारल्याने कोणाचं घर कामाच्या जवळ येत नाही.

सरांना हवा होता तो आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आम्ही याच पद्धतीने दुसऱ्या ४०० बायका निवडल्या असत्या तर सरासरी नेमकी ४२ आली नसती, थोडी कमी किंवा जास्त आली असती. किती कमी-जास्त, हे स्टँडर्ड एरर सांगतो. साधा हिशेब असा की डेव्हिएशनला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं: २४ भागिले २०, म्हणजे १.२. नमुना वाढला की हा आकडा घटतो, पण वर्गमूळ असल्यामुळे तो निम्म्यावर आणायचा तर ४०० च्या जागी १,६०० बायका लागतात.

तोंडी सांगून सरांना पटेना. मग मी आमच्याच डेटाचे चिठ्ठ्या टाकून शंभर-शंभरचे चार गट केले आणि ते पान पुढच्या भेटीत ठेवलं. चार गटांच्या सरासऱ्या आल्या ३९, ४१, ४४ आणि ४४. चार गटांची डेव्हिएशन आली २२, २५, २३ आणि २५. म्हणजे नमुना एक चतुर्थांश केला तरी बायकांमधला फरक जवळपास तसाच राहिला. आणि त्या चार सरासऱ्यांचंच आपसातलं डेव्हिएशन काढलं तर ते २.४ येतं, सूत्राने शंभरासाठी मिळणारं उत्तरही २४ भागिले १० म्हणजे २.४ च. चारच आकड्यांवर ते इतकं चपखल जुळेलच असं नाही, पण स्टँडर्ड एरर म्हणजे काय ते त्या पानावर डोळ्यांना दिसत होतं. अहवाल अडलेल्या कोणालाही मी हेच सुचवेन. सूत्र दाखवू नका, स्वतःचा डेटा फोडून दाखवा.

त्यावर सरांनी बराच वेळ आकडे पाहिले आणि विचारलं, "मग वाचणाऱ्याने कुठला बघायचा?" हा प्रश्न मात्र योग्य होता, आणि त्याचं उत्तर अहवालातच असायला हवं असं मला वाटतं.

बसच्या फेऱ्या कोणासाठी वाढवायच्या हे ठरवणाऱ्याला डेव्हिएशन लागतं. तक्त्यात नुसतं '४२ ± १.२' छापलं असतं तर वाचणारा समजला असता की बहुतेक बायका चाळीस ते चव्वेचाळीस मिनिटांत पोचतात आणि कोणालाच फार त्रास नाही. प्रत्यक्षात पाव हिश्श्याहून कमी नाहीत अशा बायकांना ५५ मिनिटं किंवा जास्त लागत होती. दोन वर्षांनी पुन्हा सर्व्हे करून सरासरी खरंच घटली का हे तपासणाऱ्याला मात्र एरर लागतो, कारण एक-दोन मिनिटांचा फरक नमुना बदलल्यानेही पडू शकतो.

दुसऱ्याचा अहवाल वाचताना ± च्या पुढे काय आहे हे लिहिलेलं नसेल तर एक अंदाज घेता येतो. तो आकडा एरर आहे असं धरून नमुन्याच्या वर्गमुळाने गुणा. १.२ गुणिले २० म्हणजे २४ मिनिटं, प्रवासासाठी पटण्यासारखं. उलट १.२ हेच डेव्हिएशन असेल तर सगळ्या पुण्यातल्या बायका जवळपास एकाच वेळात कामावर पोचतात असं मानावं लागेल, आणि ते शक्य नाही.

आमच्या २४ लाही एक मर्यादा होती. ४२ मधून त्याची दुप्पट वजा केली तर उणे ६ मिनिटं येतात. म्हणजे हा डेटा दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला नाही, जास्त वेळाकडे त्याची लांब शेपटी आहे. म्हणून मी मध्यक ३५ आणि मधल्या निम्म्या बायकांची २५ ते ५५ ही कक्षाही दिली. प्रवासाचा वेळ, उत्पन्न, खर्च असं काही मोजलं असेल तर हे द्याच.

आणि १.२ हा आकडासुद्धा मी तसाच छापला नाही. एका वस्तीतल्या बायका साधारण त्याच रस्त्याने, त्याच बसने जातात, त्यामुळे एकाच वस्तीतल्या वीसजणी म्हणजे वीस सुट्या माहित्या नव्हेत. R मधल्या survey पॅकेजने वस्ती धरून हिशेब केल्यावर एरर २ आला. म्हणून ९५ टक्के विश्वास अंतर साधारण ३८ ते ४६ मिनिटं होतं. साध्या सूत्राने ते ३९.६ ते ४४.४ इतकं अरुंद दिसलं असतं. छाननीत हे कोणी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. शिवाय दिवसा घरी न सापडलेल्या बायका नमुन्यातून गळल्या असतील तर ती खोट यापैकी कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

शेवटी तक्त्यात ± हे चिन्हच काढून टाकलं. एका रकान्यावर लिहिलं 'बायकांमधला फरक (स्टँडर्ड डेव्हिएशन)', दुसऱ्यावर 'सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता (९५ टक्के विश्वास अंतर)'. अहवाल मंजूर झाला, आणि २४ त्यात जागच्या जागी राहिला याचा मला अभिमान आहे.

एक सांगायचं राहिलं. एक्सेलच्या Descriptive Statistics मध्ये Mean च्या लगेच खाली Standard Error येतं, Standard Deviation त्याच्या आणखी खाली. घाईत वरचाच आकडा उचलला जातो. साध्या नमुन्यासाठी स्वतः काढायचं तर:

```
=STDEV.S(B2:B401)/SQRT(COUNT(B2:B401))
```

STEYX हे फंक्शन यासाठी वापरू नका, ते रिग्रेशनच्या अंदाजातली त्रुटी देतं.