सूट मिळाली, पण कोणत्या टोकाकडून?

रसायनाचे दोन चाळीस फुटी कंटेनर ३ तारखेला जहाजावरून उतरले. शिपिंग लाइनने चौदा फ्री डेज दिले होते, म्हणजे १६ तारखेपर्यंत भाडं नाही. ६ तारखेला कस्टम्सने नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल येईपर्यंत माल अडकला. अहवाल बरोबर आला, जे घोषित केलं होतं तेच निघालं, पण तोवर २५ तारीख उजाडली होती. माल उतरवून रिकामे कंटेनर २७ला डेपोत परत गेले. पाठोपाठ अकरा दिवसांच्या डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर उशिरा परत दिल्याच्या भाड्याचं, बिल आलं.

त्यांच्या दरपत्रकात पहिले सात दिवस एका दराने आणि आठव्यापासून दुप्पट. पहिल्या स्लॅबचा एक दिवस म्हणजे एक भाग धरला, तर प्रत्येक कंटेनरमागे सात अधिक आठ, असे पंधरा भाग. आमची अनामत आधीच लाइनच्या एजंटकडे अडकलेली असल्याने ते निवांत होते.

साहेबांचं म्हणणं, "सगळेच माफ करा म्हणून लिहा, चूक कस्टम्सची आहे." मी तसं लिहिलं नाही. सूट देणं एजंटच्या हातात नसतंच. तो आपलं पत्र प्रिन्सिपलकडे, म्हणजे लाइनकडे, पुढे पाठवतो आणि तिथे बसलेल्याला आपला माल, आपली अडचण काहीच ठाऊक नसते. पत्र असं हवं की एजंटला एक ओळही न बदलता ते पुढे ढकलता यावं. म्हणून वर बिल ऑफ लेडिंग आणि कंटेनर नंबर, खाली तारखांचा तक्ता आणि प्रत्येक तारखेला एक कागद. नमुना काढल्याची नोंद, अहवाल, रिलीज ऑर्डर. आणि मागणी नऊच दिवसांची, १७ ते २५. माल सुटल्यानंतरचे दोन दिवस आमचे होते, ते तक्त्यात आमच्याच नावावर दाखवले. उगाच लपवायला गेलं की बाकीच्या तारखांवरचाही विश्वास जातो.

एजंटच्या मॅडमचा फोन आला. "लाइन विचारतेय, माल बॉन्डेड गोदामात उतरवून कंटेनर रिकामे का नाही दिले?" हा प्रश्न येतोच. कंटेनर परत गेला की डिटेन्शन थांबतं, मग माल महिनाभर पडून राहिला तरी लाइनचं काही जात नाही. सुदैवाने आमच्या क्लिअरिंग एजंटने ती परवानगी लेखी मागितली होती आणि अहवालाआधी सील तोडता येणार नाही, असं कस्टम्सने लेखीच कळवलं होतं. माझ्या मते फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद तोच.

लाइनने सहा दिवस मान्य केले. नऊतले तीन का कापले? कस्टम्सने मधे डेटा शीट मागितली होती आणि सप्लायरने ती द्यायला तीन दिवस घेतले. हे त्यांना आमच्याच जोडलेल्या कागदांवरून दिसलं. वाद घालण्यासारखं नव्हतं.

क्रेडिट नोट आली आणि आकडा जुळेना. अकरातले सहा गेले, पाच उरले, म्हणजे पाच भाग द्यायला हवेत. बिलात नऊ होते! त्यांनी सहा दिवस सुरुवातीचे, १७ ते २२, माफ केले होते. उरलेल्या पाचांतला पहिलाच सातवा दिवस म्हणून साध्या दराने, बाकीचे चार दुप्पट दराने. स्वस्त दिवसांची सूट दिली होती आणि महाग दिवस आमच्या गळ्यात राहिले होते. यात लबाडी नव्हती. सिस्टिममध्ये सूट टाकली की ती पहिल्या दिवसापासून खाल्ली जाते.

मी मॅडमना लिहिलं की आम्हाला 'माफी' नको, 'फ्री टाइममध्ये सहा दिवसांची वाढ' हवी. फ्री टाइम २२ला संपला असं धरलं की मोजणी २३ पासून नव्याने सुरू होते आणि पाचही दिवस पहिल्या स्लॅबमध्ये बसतात. हे सगळीकडे चालत नाही. काही लाइन्सच्या दरपत्रकात स्लॅब जहाजातून उतरल्याच्या दिवसापासून मोजलेले असतात, तिथे वाढ मिळूनही महाग स्लॅब जागचा हलत नाही. म्हणून आधी दरपत्रकाची तळटीप वाचली होती. आमच्या लाइनचे स्लॅब 'फ्री टाइम संपल्यापासून' होते आणि ते वाक्य मी जसंच्या तसं पत्रात टाकलं.

"हे बरं सांगितलंत, मला नवीन मंजुरी मागावी लागणार नाही," मॅडम म्हणाल्या. दिवस तेवढेच असल्याने प्रिन्सिपलकडे परत जायची गरज नव्हती, फक्त नोंद बदलायची होती. सुधारित बिल पाच भागांचं आलं आणि उरलेली अनामत परत मिळाली.

डेटा शीटच्या तीन दिवसांची डेबिट नोट आम्ही सप्लायरला पाठवली आहे. त्याचं उत्तर अजून यायचंय.