तुम्ही विचारलंत म्हणून: सोळा मास्क

"ताई, ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताच्या नर्व्हजच्या जाळ्याच्या, एका आकृतीवर सोळा मास्क कशाला? एकच मोठा टाकून सगळी नावं झाकली की झालं ना?"

नाही होत. अँकी या फ्लॅशकार्ड अॅपमध्ये प्रत्येक मास्क, म्हणजे नाव झाकणारी पट्टी, एक वेगळं कार्ड असतं, आणि ते पुन्हा कधी येणार हे तुम्ही दाबलेल्या बटणावर ठरतं. समजा, मोठ्या मास्कखाली पाच नावं आहेत, त्यातली चार तुम्हाला आली, तर बटण कोणतं दाबणार? Good दाबलं तर न आलेलं पाचवं नाव इतरांबरोबर पंधरा दिवस लांब जातं. Again दाबलं तर आलेली चार उद्या पुन्हा डोक्यावर बसतात. माझं मेडियल कॉर्ड रोज चुकायचं आणि रेडियल नर्व्ह कधीच चुकत नव्हती. त्या दोघींना एकाच तारखेला बांधून ठेवण्यात काय अर्थ होता? म्हणून एका नावाला एक मास्क. पाच रूट्स, तीन ट्रंक्स, तीन कॉर्ड्स आणि पाच टर्मिनल ब्रँचेस, असे सोळा. डिव्हिजन्स मी मुद्दाम सोडल्या.

आता माझ्या चुका. पहिल्यांदा मी Hide One, Guess One वापरलं. त्यात बाकीची पंधरा नावं उघडीच राहतात. अॅक्सिलरी, रेडियल, मेडियन आणि अल्नर दिसतायत म्हटल्यावर झाकलेली कोण हे शेंबडं पोरही सांगेल. मग Hide All, Guess One घेतलं. त्यात सगळं झाकलेलं असतं आणि विचारलेला मास्क तेवढा वेगळ्या रंगाचा दिसतो. पण मास्क मी शब्दाला घट्ट बसवले होते. Musculocutaneous वर लांबलचक पट्टी, Ulnar वर चिमुकली. आठवड्याभरात मी नर्व्ह बघतच नव्हते, पट्टीची लांबी बघून उत्तर देत होते. हे लक्षात आलं ते रूममेटमुळे. तिने तीच आकृती नावांशिवाय वहीत काढून दिली. सोळापैकी सात आली, आणि अँकीत तीच कार्डं महिन्यावर गेलेली.

तेव्हापासून सगळे मास्क सर्वांत लांब नावाच्या मापाचे. जागा पुरत नसेल तर मास्क बाहेरच्या कोऱ्या बाजूला वाढवा, आत नको. आत वाढवलात तर नावापासून नर्व्हपर्यंत जाणारी रेघच झाकली जाते आणि प्रश्न कशाबद्दल आहे तेच कळत नाही. कार्डाच्या Header मध्येही उत्तर सुचेल असं काही लिहू नका, ते प्रश्नाच्या बाजूलाही दिसतं.

एवढं सगळं नीट केलं, आणि तरीही प्रॅक्टिकलला मी चुकले.

टेबलावर डावी काख उघडलेली होती. सरांनी फोर्सेप्सने एक नर्व्ह उचलली आणि विचारलं, "ही कोणती?" अॅक्सिलरी आर्टरीच्या पुढे नर्व्हजनी बनलेला तो ओळखीचा M दिसत होता. उचललेली नर्व्ह होती M च्या उजव्या टोकाची. मी क्षणाचाही विचार न करता "अल्नर" म्हणाले. सरांनी काहीच न बोलता ती पुढे सोडवत नेली. ती कोरॅकोब्रेकियालिस या स्नायूत घुसली. म्हणजे मस्क्युलोक्यूटेनियस. माझ्या पुस्तकातली आकृती उजव्या हाताची. तिच्यात अल्नर उजवीकडे येते, आणि माझ्यासाठी सहा महिने "उजवं टोक म्हणजे अल्नर" एवढंच खरं होतं. मेडियन लॅटरल आणि मेडियल कॉर्डच्या रूट्सनी बनते, हे मला पाठ होतं. पण समोरच्या देहात लॅटरल, म्हणजे बाहेरची बाजू, कुठली हे शोधायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. सर म्हणाले, "आकृती पाठ केलीस." मी तिथून निघाले आणि रात्रभर झोपले नाही.

तुम्ही म्हणाल, मग सोळा मास्कचा उपयोग काय? तेव्हाची मी म्हणेन, कार्डं चांगलीच होती, चूक टेबलावर घाबरण्याची. आज मला तसं वाटत नाही. मी घाबरले नव्हते, मला खात्री होती. मास्क जागा विचारतो, आणि जागेचंच उत्तर मी दिलं.

नंतर मी डावी बाजू स्वतःच्या हाताने कागदावर काढली, फोटो घेऊन पुन्हा सोळा मास्क टाकले. डिसेक्शन हॉलमध्ये फोटो काढायला बंदी असते, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. पुस्तकाची आकृती मोबाइलमध्ये उलटवून पाहिली, पण मास्क उघडल्यावर अक्षरंही उलटी. शिवाय कार्डाच्या उत्तराच्या बाजूला दिसणाऱ्या Back Extra मध्ये लिहिलं: कोणत्या स्नायूतून जाते, कोणत्या कॉर्डमधून निघते. पाच टर्मिनल ब्रँचेससाठी साधी प्रश्नोत्तरांची कार्डंही केली, चित्राशिवाय.

एवढ्याने पुरतं का, मला माहीत नाही. कागदावरची डावी बाजूही सपाटच आहे, आणि तीही आता मला पाठ झाली असेल. हल्ली काख उघडी दिसली की मी नर्व्हकडे बघतच नाही, आधी कोरॅकोब्रेकियालिस शोधते.